पॅकेज पाच दिवसांचं, मुक्काम अठरा दिवसांचा

पत्र

आईचं वय ६७, तिला मधुमेह आहे. मार्चमध्ये नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात तिच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. पाच दिवसांचं पॅकेज, २,२०,००० रुपये, कॅशलेस मंजूर. चौथ्या दिवशी ताप आला, पाचव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं, सहाव्या दिवशी पुन्हा ऑपरेशन करून सांधा धुतला आणि आतली प्लास्टिकची गादी बदलली. मग अँटिबायोटिकच्या सलाईन. एकूण अठरा दिवस. वरचे २,८७,००० रुपये आम्ही भरले. ते मागितल्यावर कंपनीचं पत्र आलं: ‘संसर्ग रुग्णालयात झालेला असून गुंतागुंत पॅकेजमध्ये समाविष्ट आहे. तसेच वाढीव मुक्काम वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता.’ पॉलिसी पाच लाखांची, सहा वर्षं जुनी. खोलीभाड्याला रोज ५,००० ची मर्यादा आहे, आमची खोली ६,५०० ची होती. चूक रुग्णालयाची आणि भुर्दंड आमच्यावर, हे कसं? कागद सोबत जोडले आहेत.
— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, कंपनीच्या त्या दोन वाक्यांत दोन वेगळी भांडणं आहेत, आणि तुमच्या प्रश्नात तिसरं. तिन्ही एकाच अर्जात कोंबलीत की एकही सुटत नाही. मी अकरा वर्षं एका टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेम तपासायचं काम केलंय. ‘रुग्णालयाच्या हलगर्जीपणामुळे’ अशी सुरुवात असलेला अर्ज टेबलावर आला की आमचा डॉक्टर तो बाजूला ठेवायचा. दुष्टपणाने नाही. त्याच्या समोरच्या फॉर्मवर हलगर्जीपणासाठी रकानाच नसायचा, म्हणून.

तर आधी मूळ गोष्ट. संसर्ग कुठे झाला, यावर आरोग्य विम्याचे पैसे ठरत नाहीत. नियामकाने, म्हणजे इर्डाने, सगळ्या कंपन्यांना ज्या ठरावीक वगळण्या लावायची मुभा दिली आहे, त्यांत सौंदर्यशस्त्रक्रिया, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया, वंध्यत्वावरचे उपचार, नुसत्या तपासणीसाठी भरती वगैरे येतं. रुग्णालयात झालेला संसर्ग त्या यादीत नाही. तरी तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेतलं वगळण्यांचं प्रकरण एकदा वाचून घ्या. मूळ उपचारच वगळलेला असेल तर त्यातून उद्भवलेला त्रासही वगळला जातो, पण आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीने स्वतःच मंजूर केलंय. तो दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला. पॉलिसी सहा वर्षांची असल्याने सांधेरोपणाची प्रतीक्षा मुदत किंवा ‘मधुमेह लपवला’ ही नेहमीची हत्यारंही इथे चालत नाहीत.

आता पहिलं वाक्य: ‘गुंतागुंत पॅकेजमध्ये समाविष्ट आहे.’ हे वाक्य नीट धरून ठेवा, कारण ते कंपनीच्याच गळ्यात येतं. पॅकेज म्हणजे कंपनी आणि रुग्णालय यांच्यातला दराचा करार. त्यावर तुमची सही नसते. साधारणपणे त्यात ठरावीक दिवसांची खोली, सर्जनची आणि भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, नेहमीची औषधं असं सगळं एका आकड्यात बांधलेलं असतं. त्याहून जास्त उपचार लागले तर काय करायचं, हे त्या करारातच लिहिलेलं असतं. आता दोनच शक्यता उरतात. गुंतागुंत खरोखरच पॅकेजमध्ये येत असेल, तर रुग्णालयाने तुमच्याकडून वरचे २,८७,००० घ्यायलाच नको होते. ते त्यांनी परत करायचे. येत नसेल, तर तो पॅकेजबाहेरचा खर्च आहे आणि कंपनीने पॉलिसीप्रमाणे त्याचा स्वतंत्र विचार करायचा. पॅकेजमध्येही आहे आणि पैसेही रुग्णानेच भरायचे, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

म्हणून दोघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा, तोही एकाच दिवशी, आणि दोन्ही पत्रांत दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहा: ‘या रुग्णाच्या मंजूर पॅकेजमध्ये किती दिवस आणि कोणते उपचार धरले होते? सहाव्या दिवशीची दुसरी शस्त्रक्रिया त्यात धरली होती का? करारातला संबंधित मजकूर द्यावा.’ रुग्णालयाच्या विमा डेस्कवरची मंडळी बहुतेक वेळा याचं उत्तर तोंडीच देतात. तोंडी घेऊ नका. माझ्या अनुभवात असं पत्र गेलं की आठवड्याभरात दोघांपैकी कुणीतरी आपली भूमिका बदलतं. रुग्णालयाला ‘रुग्णाकडून जादा रक्कम घेतली’ हे नोंदीवर नको असतं, आणि कंपनीला आपला करार कुणासमोर उलगडून दाखवायचा नसतो.

दुसरं वाक्य मात्र गंभीर आहे. ‘आवश्यक नव्हता’ या दोन शब्दांवर बहुतेक क्लेम पडतात, आणि तिथे कंपनी दर वेळी चुकीची असतेच असं नाही. पॉलिसीत ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ याची व्याख्या दिलेली असते. उपचाराची पातळी, कालावधी आणि प्रमाण गरजेपेक्षा जास्त नसावं, असा तिचा अर्थ. म्हणजे कंपनी ‘अठरा दिवस’ असा एक गठ्ठा तपासत नाही. तिचा डॉक्टर एकेक दिवस उचलतो आणि विचारतो की या दिवशी हे घरी किंवा ओपीडीत होण्यासारखं होतं का?

तुमचे कागद मी त्याच नजरेने पाहिले. डिस्चार्ज कार्डावर तेरा दिवसांबद्दल एकच ओळ आहे: ‘जखमेची काळजी घेतली, शिरेतून अँटिबायोटिक दिले, प्रकृती स्थिर.’ संसर्ग हा शब्द कुठेही नाही. रुग्णालयं असं का करतात ते उघड आहे, त्यांना तो शब्द लिहायची लाज वाटते. पण त्यांच्या लाजेची किंमत तुम्ही मोजताय. कंपनीच्या डॉक्टरसमोर फक्त हे कार्ड गेलं असेल, तर ‘ड्रेसिंगसाठी तेरा दिवस?’ असा प्रश्न त्याला पडणारच. मलाही पडला असता.

खरी गोष्ट आहे ती तुम्ही जोडलेल्या नर्सिंगच्या तक्त्यात आणि लॅबच्या रिपोर्टांत. तुम्हाला ते बिलाचे किरकोळ कागद वाटले असतील, म्हणून शेवटी लावलेत. मी त्यातून दिवस जुळवले ते असे.

सहाव्या दिवशी सांध्यातल्या द्रवाचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायला, गेला आणि त्याच दिवशी सांधा धुतला. सीआरपी, म्हणजे शरीरातली दाह-सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, त्या दिवशी १४८. आठव्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, ज्याला डॉक्टर मंडळी एमआरएसए म्हणतात. त्यावर व्हँकोमायसिन सुरू झालं. हे औषध अशा संसर्गात तोंडावाटे देऊन उपयोग नसतो, कारण आतड्यातून ते रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही. ते शिरेतून, सावकाश, तास-दीड तास चालणाऱ्या ड्रिपने द्यावं लागतं आणि तेवढा काळ मूत्रपिंडावर नजर ठेवावी लागते. दहाव्या दिवशी आईंची साखर २८६ गेली आणि इन्शुलिन वाढवावं लागलं. इथपर्यंतच्या दिवसांबद्दल वाद घालायला कुणी धजावणार नाही. बाराव्या दिवशी सीआरपी ६१ वर आला, ताप नव्हता, आई वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या. कंपनी बोट ठेवणार ती इथे, की ‘यापुढची सलाईन घरी नर्स बोलावून देता आली असती.’

पण तेराव्या दिवशीचा रिपोर्ट बघा. क्रिएटिनिन ०.९ वरून १.४ झालंय. मूत्रपिंडावर औषधाचा ताण आला. त्याच दिवशी व्हँकोमायसिनचा डोस कमी केल्याची नोंद नर्सच्या हस्ताक्षरात आहे, आणि पुढचे तीन दिवस रोज क्रिएटिनिन आणि लघवीचं प्रमाण मोजलंय. ६७ वर्षांची मधुमेही बाई, मूत्रपिंड कुरकुरतंय, आणि तेच औषध द्यायलाच हवं आहे. हे घरी करायची गोष्ट नाही. सोळाव्या दिवसापर्यंतचा मुक्काम या एका कागदावर उभा राहतो. तो कागद डिस्चार्ज कार्डात नाही आणि तुमच्या अर्जातही नाही.

सतरावा आणि अठरावा दिवस मात्र आपल्याकडून निसटतोय, हे आधीच सांगतो. सतराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी लिहिलंय: ‘डिस्चार्जला हरकत नाही, टीपीएच्या मंजुरीची वाट.’ म्हणजे ते दोन दिवस आई उपचारासाठी नव्हत्या, कागदासाठी होत्या. यावर एक वेगळा नियम आहे. मे २०२४ च्या इर्डाच्या मास्टर सर्क्युलरनुसार, डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीची विनंती रुग्णालयाकडून मिळाल्यावर कंपनीने तीन तासांत उत्तर द्यायचं असतं. उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. तेव्हा विमा डेस्ककडून त्या दिवशीच्या ईमेलची प्रत मागा, वेळेसकट. विनंती सतराव्या दिवशी सकाळी गेली असेल आणि उत्तर अठराव्या दिवशी आलं असेल, तर हे पैसे कंपनीचे. डेस्कनेच ती अठराव्या दिवशी पाठवली असेल, तर रुग्णालयाशी भांडा. फार मोठी रक्कम नाही, साधारण बारा हजारांचा प्रश्न आहे, त्यासाठी बाकीचं अडवून धरू नका.

मग करायचं काय? रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज देऊन संपूर्ण इनडोअर केसपेपर मागा. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंगचा तक्ता, औषधांचा तक्ता, तापमानाचा तक्ता, फिजिशियनला बोलावलं असेल तर त्यांचं मत, सगळं. तुम्ही जोडलेले कागद अर्धवट आहेत. नवव्या आणि अकराव्या दिवसाची पानंच नाहीत. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्यात असं आहे. झेरॉक्सचे पैसे द्या, पण पोच घ्या.

मग सर्जनना भेटा. भांडायला नाही. त्यांच्याकडून लेटरहेडवर एक पानाचं प्रमाणपत्र हवंय. त्यात खोटं काही लिहून मागायचं नाही, घडलेलंच नावानिशी लिहून घ्यायचं: ‘रोपण केलेल्या सांध्यात शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग झाला. कल्चरमध्ये अमुक जंतू आढळला. सहाव्या दिवशी सांधा धुणे आणि गादी बदलणे ही स्वतंत्र शस्त्रक्रिया करावी लागली. ती केली नसती तर संपूर्ण सांधा काढावा लागण्याचा धोका होता. आठव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत व्हँकोमायसिन आणि तेराव्या दिवसापासून मूत्रपिंडाची देखरेख रुग्णालयातच करणे गरजेचे होते.’ सर्जन ‘संसर्ग’ शब्दाला बिचकले तर त्यांना सांगा की रुग्णालयाची तक्रार हा वेगळा विषय आहे, हा कागद विम्यासाठी आहे. बहुतेक जण देतात.

आकड्यांचं बोलू, कारण पूर्ण २,८७,००० मिळतील अशी आशा धरून बसू नका. पॅकेज होतं तोवर खोली ६,५०० ची की ५,००० ची याने फरक पडला नाही, सगळं एका आकड्यात बसलं होतं. पॅकेज संपलं, सुटं बिल सुरू झालं, आणि तुमची खोलीभाड्याची मर्यादा जागी झाली. लोकांना ही गोष्ट डिस्चार्जच्या दिवशी कळते. सहाव्या दिवशी आईंना ५,००० च्या खोलीत हलवलं असतं तर पुढची सगळी कापाकापी टळली असती, पण त्या दिवशी तुमचं लक्ष खोलीवर नव्हतं आणि तसं ते असूही नये. डेस्कने सांगायला हवं होतं.

तेरा दिवसांचं खोलीभाडं तुम्ही ८४,५०० भरलंत. मर्यादेप्रमाणे ६५,००० मिळतील. दुसऱ्या ऑपरेशनची फी आणि थिएटर ६०,०००, डॉक्टरांच्या फेऱ्या १९,५००. खोली मर्यादेपेक्षा महाग असल्याने या दोन्हीलाही कंपनी ५,००० भागिले ६,५०० हेच प्रमाण लावेल, म्हणजे साधारण ४६,१५० आणि १५,०००. सांध्याची गादी ३५,०००, औषधं ५८,०००, तपासण्या २१,०००: यांना ही प्रमाणात कपात लावताच येत नाही, तसा इर्डाचा नियमच आहे, पण टीपीएचं सॉफ्टवेअर कधी कधी सरसकट कापून मोकळं होतं, तेव्हा हिशोबाचा कागद मागून तपासा. उरले ९,०००: गाऊन, मास्क, साफसफाईचे पैसे. हे खोलीभाड्यातच धरायचे असतात, वेगळे मिळत नाहीत. संसर्ग झालेल्या रुग्णाच्या खोलीत गाऊन आणि मास्क रोज डझनांनी लागतात म्हणून हा आकडा फुगतो. तो सोडून द्या.

सगळं मिळून, सतराव्या-अठराव्या दिवसाचे बारा हजार धरून, सुमारे २,४०,००० होतात. पॅकेजचे २,२०,००० गेल्यावर पाच लाखांतले २,८०,००० शिल्लक आहेत, त्यामुळे विमा रकमेत हे बसतं. आणखी साडेअठरा हजारांची शक्यता एका कागदात आहे. ज्या रुग्णालयात सर्जनची फी खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलत नाही, तिथे फीला ही कपात लावायची परवानगी कंपनीला नाही. रुग्णालयाचं दरपत्रक मागा. सर्जनची फी आणि फेऱ्यांचे पैसे जनरल वॉर्डला आणि स्वतंत्र खोलीला सारखेच असतील, तर तसं लिहून घ्या. मग आकडा २,५८,५०० पर्यंत जातो.

हे सगळं घेऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्यांचं नाव-पत्ता पॉलिसीत छापलेला असतो. पत्रात संतापाला जागा नको. दिवसवार तक्ता करा: तारीख, त्या दिवशी काय झालं, कोणत्या कागदावर ते दिसतं. आणि दोन प्रश्न विचारा. नकार पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली दिला? आणि तो क्लेम रिव्ह्यू कमिटीसमोर गेला होता का? त्याच २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि नकाराच्या पत्रात कलम द्यावं लागतं. तुम्हाला आलेल्या पत्रात कलमाचा उल्लेखच नाही. ही फट लहान दिसते, पण फाइल पुन्हा उघडायला तेवढी पुरते.

दोन आठवड्यांत समाधान झालं नाही तर bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करा. पण पोर्टल हा मुख्यतः कंपनीला हलवायचा मार्ग आहे, तिथे निवाडा होत नाही. निवाडा विमा लोकपाल करतात. कंपनीला तक्रार देऊन महिना झाला आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्यांच्याकडे जाता येतं. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. दिवसवार तक्ता तिथे सोन्यासारखा चालतो. सुनावणीला वेळ थोडा असतो आणि समोरच्याला चाळीस पानं चाळायला लावण्यापेक्षा एक पान पुढे सरकवणं बरं.

आता तुमचा मूळ राग, ‘चूक रुग्णालयाची’. असेलही. पण शस्त्रक्रियेनंतर संसर्ग झाला एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. मधुमेह असलेल्या रुग्णात हा धोका मुळातच जास्त असतो आणि जंतू बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचाच असतो. प्रश्न असे विचारावे लागतात: ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणली होती का? चीर देण्यापूर्वी अँटिबायोटिक दिलं होतं का, किती वाजता? चौथ्या दिवशी ताप आल्यावर डॉक्टर केव्हा आले? उत्तरं त्याच केसपेपरांत असतील. ती वाईट निघाली तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जाता येतं. पण आधी विम्याचा निकाल लागू द्या. सर्जनकडून प्रमाणपत्र हवं असताना त्यांना नोटीस पाठवू नका.

हे वाचणारं कुणी आत्ता अशाच खाटेशेजारी बसलं असेल तर एकच सांगतो. पॅकेजचे दिवस संपायच्या आदल्या दिवशी विमा डेस्कवर जाऊन वाढीव मंजुरीची विनंती, ज्याला ते एन्हान्समेंट म्हणतात, गेली का ते विचारा, आणि तिच्यासोबत कल्चरचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची त्या दिवसाची नोंद लागली का ते डोळ्यांनी बघा. डेस्क बहुतेकदा फक्त आकडा पाठवतं. कॅशलेस वाढवून मिळालं नाही तरी क्लेम संपत नाही. पैसे भरून नंतर मागता येतात, जसे या ताईंनी मागितले.

आणि ताई, आईंना घरी सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत ना? तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले आहेत. त्या गोळ्या, दर आठवड्याचं सीआरपी आणि क्रिएटिनिन, सर्जनची तपासणी फी, यांची बिलं वेगळ्या पाकिटात जमवा, प्रत्येक बिलाला त्या तारखेची चिठ्ठी लावून. मुख्य क्लेमचं भांडण चालू असलं तरी हा अर्ज मुदतीतच द्यायचा. पाच लाखांतलं थोडंच उरणार आहे, पण तेही तुमचंच आहे.